एकाच डीपीवर दहा महिन्यांत तीन रोहित्रे का जळाली: कृषी वाहिनीवरील एका प्रकरणाचा अभ्यास

विहिरी आणि बोअरवरील पंपांना वीज देणाऱ्या ११ केव्ही कृषी वाहिनीच्या शेवटाकडे असलेल्या एका डीपीवरचे ६३ केव्हीएचे रोहित्र दहा महिन्यांत तीन वेळा जळाले. पहिले फेब्रुवारीत जळाले, दुसरे मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात आणि तिसरे नोव्हेंबरमध्ये, रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्यावर. पहिल्या अहवालात कारणाच्या रकान्यात ‘ओव्हरलोड’ एवढाच शब्द होता, तर दुसऱ्यात ‘वीज पडून’. दोन्ही वेळा दुरुस्त केलेले दुसरे रोहित्र त्याच खांबांवर चढवले गेले आणि जागेवर बाकी काहीच बदलले नाही. तिसऱ्या वेळी मात्र नवे रोहित्र बसवण्यापूर्वी जळालेले रोहित्र कार्यशाळेत उघडून पाहण्याचे आणि जागेवरील अर्थिंग मोजण्याचे ठरले. पुढील विवेचन त्या तपासाचे आहे. कृषी वाहिन्यांवर वारंवार दिसणाऱ्या बाबी एकत्र करून हे प्रकरण मांडले असल्यामुळे त्यातील जागेवरची मोजमापे प्रातिनिधिक समजावीत. त्यांवरून केलेले गणित मात्र कोणत्याही ६३ केव्हीए रोहित्राला लागू पडते.

कागदावरचा भार आणि तारेतला भार

या डीपीवर १२ जोडण्या मंजूर होत्या आणि त्यांचा नोंदलेला एकूण भार ५४ अश्वशक्ती होता. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, तेव्हा पंपांच्या दांड्यावरची शक्ती सुमारे ४० किलोवॅट झाली. मोटारींची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, जो गावठाणाबाहेरच्या जुन्या, अनेकदा रिवाइंड केलेल्या मोटारींसाठी उदारच म्हणावा लागेल, तर रोहित्रावर येणारा भार बरोबर ६३ केव्हीएच्या आसपास येतो. म्हणजे सगळे कागदाप्रमाणे असते तरीही हे रोहित्र काठोकाठ भरलेले होते.

असे भरलेले रोहित्र घरगुती वस्तीत निभावून जाते, कारण सगळ्यांचे दिवे, पंखे आणि मिक्सर एकाच वेळी चालत नाहीत. कृषी वाहिनीवर ही सवलत मिळत नाही. थ्री फेज वीज दिवसातील ठरावीक तासच असते, त्यामुळे ती आली की प्रत्येकाला पाणी काढायचे असते आणि जोडलेला जवळजवळ सगळा भार एकदम आणि सलग चालतो. भाराच्या विभागणीचा जो आडाखा शहरी डीपीसाठी वापरला जातो, तोच इथे लावला तर पहिल्याच हंगामात गणित चुकते.

प्रत्यक्षात तर नोंद आणि वस्तुस्थिती यांतही अंतर होते. पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे अनेकांनी पाच अश्वशक्तीच्या जागी साडेसात अश्वशक्तीचे सबमर्सिबल पंप बसवले होते आणि तीन पंप आकडे टाकून चालत होते. शिवारात फिरून, मोटारींच्या पाट्या वाचून आणि जिथे पाटी नव्हती तिथे टोंग टेस्टरने प्रवाह मोजून जी यादी झाली, तिच्यात १५ पंप आणि ८१ अश्वशक्ती निघाली. त्याच गणिताने हा भार सुमारे ९४ केव्हीए होतो, म्हणजे रोहित्राच्या क्षमतेच्या दीडपट.

६३ केव्हीएच्या रोहित्राचा लघुदाब बाजूचा पूर्णभार प्रवाह ४३३ व्होल्टला ८४ अँपिअर असतो. हा एक आकडा वायरमनच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा असे मला वाटते, कारण पुढचे सगळे निष्कर्ष त्याच्याशी ताडून काढायचे असतात. तिसरे रोहित्र जळण्याच्या दहाएक दिवस आधी कमी दाबाच्या तक्रारीवरून उपविभागाच्या अभियंत्याने या डीपीवर मोजमाप केले होते. ते असे होते: आर फेजवर १२१ अँपिअर, वाय फेजवर १०६, बी फेजवर १५२ आणि न्यूट्रलमध्ये ४०. लाइनच्या टोकाला फेजा-फेजांतील दाब ३३० व्होल्टपर्यंत उतरला होता.

तीन फेजांची सरासरी १२६ अँपिअर येते आणि ती शिवारातील यादीशी तंतोतंत जुळते. तपासाच्या दृष्टीने ही जुळणी मोलाची ठरली, कारण त्यामुळे यादीत एखादा मोठा चोरटा भार निसटलेला नाही याची खात्री झाली.

बी फेजची कथा वेगळी

वाइंडिंगमधील तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सरासरी दीडपट प्रवाहाला हा व्यय सव्वादोन पटीच्या थोडा वर जातो. असमतोलासह तिन्ही फेजांचा हिशेब केला तर २.३ पट. पण बी फेजचा प्रवाह पूर्णभाराच्या १.८१ पट होता, म्हणजे त्या एका लिंबवरील, अर्थात गाभ्याच्या त्या एका उभ्या दांड्यावरील, कॉइलमध्ये व्यय ३.३ पट होता. रोहित्राला सरासरी कळत नाही. ते जळते ते सर्वांत तापलेल्या लिंबवरच्या सर्वांत तापलेल्या जागी. उच्चदाब डेल्टा आणि लघुदाब स्टार अशी जोडणी असल्यामुळे लघुदाब बाजूच्या एका फेजवरचा जादा भार त्याच लिंबवरच्या उच्चदाब कॉइलवरही तसाच उमटतो, दुसऱ्या दोन कॉइल तो वाटून घेत नाहीत.

थ्री फेज मोटारी स्वतः असमतोल निर्माण करत नाहीत, मग बी फेज एवढी का लादली गेली? शेतवस्तीवरची घरे, त्यांच्या सिंगल फेज मोटारी आणि कडबाकुट्टीची यंत्रे या सगळ्यांनी एकाच तारेवरून जोडणी घेतली होती. खांबावरच्या उभ्या मांडणीत ती तार हाताला सर्वांत सोयीची होती, एवढेच त्यामागचे कारण. न्यूट्रलमधील ४० अँपिअर हा त्याचाच पुरावा होय. तिन्ही फेजांचे प्रवाह समान असते तर न्यूट्रलमध्ये काहीच दिसायला नको होते; आणि मोजलेल्या तीन प्रवाहांवरून, पॉवर फॅक्टर सारखा धरून, सदिश पद्धतीने न्यूट्रलचा प्रवाह काढला तरी तो ४० अँपिअरच येतो. त्यामुळे चार तारांचे टोंग टेस्टरचे वाचन हे आपणच आपली पडताळणी करते. कुणी नुसत्या तीन फेजा मोजून न्यूट्रल सोडून दिला असेल तर ते मोजमाप अर्धे समजावे.

या सगळ्यात फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न साहजिक आहे. लघुदाब पेटीतील किटकॅटमध्ये फ्यूज तारेऐवजी अॅल्युमिनियमच्या लाइनचे उकललेले पदर पिळून बसवलेले होते आणि पेटीतला, जादा प्रवाहाला आपोआप तुटणारा एमसीसीबी बाजूला टाकून थेट जोडणी केलेली होती. तरीही सगळा दोष जाड तारेवर टाकणे योग्य होणार नाही. योग्य मापाची फ्यूज तार असती तरी तिचा वितळण्याचा प्रवाह तिच्या नेमलेल्या प्रवाहाच्या दीडपटीहून बराच अधिक, कधी दुपटीजवळ असतो, त्यामुळे दीडपट भार ती तासन्‌तास वाहू देते. फ्यूज शॉर्टसर्किटपासून रोहित्र वाचवतो. रब्बीतल्या रोजच्या आठ तासांच्या ओव्हरलोडपासून वाचवायला तापमानावर चालणारी ट्रिप लागते, आणि तीच इथे बाजूला टाकलेली होती.

ऑटो स्विचचा उल्लेखही इथेच करावा लागेल. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून बहुतेक स्टार्टरना ऑटो स्विच होते. थेट लाइनवर सुरू होणारी मोटार सुरुवातीला पाच ते सहा पट प्रवाह घेते. पंधरा मोटारी एकदम सुरू होताना दाब इतका कोसळतो की त्यांना गती घ्यायलाच नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो मोठा प्रवाह चालूच राहतो. तो काही सेकंदांचा असल्याने त्यातून उष्णता फार साठत नाही, परंतु कॉइलवर येणारे यांत्रिक बलही प्रवाहाच्या वर्गानेच वाढते, आणि दिवसाला दोन-तीनदा वीज ये-जा करणाऱ्या वाहिनीवर अशा झटक्यांनी कॉइलचे ठोकळे आणि पाचरी सैल होत जातात.

तेलाची पातळी आणि फसवणारे थर्मामीटर

अभियंत्याने त्याच दिवशी, भार चालू होऊन पाच तास झाल्यावर, रोहित्राच्या झाकणावरील पॉकेटमध्ये थर्मामीटर ठेवून तेलाचे तापमान पाहिले होते. हवा २४ अंशांची होती आणि थर्मामीटरने ६१ अंश दाखवले. एवढ्या भाराला हे तापमान कमीच म्हणायला हवे, म्हणून त्याने खालून इन्फ्रारेड थर्मामीटरने टाकीची भिंत पाहिली, तर तिथे ८२ अंश मिळाले. दोन आकड्यांत वीस अंशांहून जास्त फरक होता. रंगाच्या चकाकीमुळे इन्फ्रारेड चुकत असावे, असा शेरा तेव्हा मारला गेला.

खरे कारण कार्यशाळेत झाकण उघडल्यावर दिसले. टाकीच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीची काळपट गाळाची रेघ होती आणि ती झाकणाच्या सुमारे चौदा सेंटिमीटर खाली होती. तेल तिथपर्यंत उतरलेले होते. थर्मामीटरचे पॉकेट तेलात बुडण्याऐवजी तेलावरच्या हवेत लोंबत होते आणि हवेचे तापमान दाखवत होते. चूक इन्फ्रारेडची नव्हती.

या रेघेने आणखी एक गोष्ट सांगितली. टाकीच्या बाजूच्या थंड करणाऱ्या नळ्यांची वरची तोंडे त्या रेघेच्या वर राहिली होती. रोहित्रातले तेल पंपाने फिरत नाही. तापलेले तेल वर चढते, वरच्या तोंडातून नळीत शिरते, थंड होत खाली उतरते आणि खालच्या तोंडातून पुन्हा टाकीत येते. वरचे तोंड उघडे पडले की हे चक्र तिथेच तुटते. त्यामुळे तेल कमी होण्याचा धोका कमी झालेल्या लिटरांच्या प्रमाणात वाढत नाही. टाकीवरची तेलाची छोटी टाकी म्हणजे कॉन्झर्व्हेटर रिकामा झाला तरी रोहित्र काही काळ चालते, पण पातळी नळ्यांच्या वरच्या तोंडाखाली गेली की थंड होण्याची मुख्य वाटच बंद होते आणि टाकीचा पृष्ठभाग तेवढा उरतो. हे बाहेरूनही ओळखता येते: टाकीची भिंत कडक तापलेली आणि नळ्यांचे वरचे भाग मात्र तुलनेने थंड, असे चित्र इन्फ्रारेड थर्मामीटरवर दिसले तर तेल पाहायला चढण्याचीही गरज नाही. चालू रोहित्राला हात लावून हे पाहू नये, विशेषतः जिथे अर्थिंगची अवस्था माहीत नाही तिथे.

तेल गेले कुठे, याचे उत्तर लघुदाब बुशिंगांच्या खाली मिळाले. टाकीच्या त्या बाजूवर तेल आणि धूळ यांचा जाड थर साचला होता, तोही बी फेजच्या बुशिंगखाली सर्वांत जाड. तेल चोरीला गेले असते तर खालचा व्हॉल्व्ह किंवा निचऱ्याचा बोल्ट छेडलेला दिसला असता आणि पातळी एकदम खाली गेली असती; इथे ती महिनोन्‌महिने झिरपत उतरली होती. बुशिंगच्या पितळी स्टडवर अॅल्युमिनियमची केबल लगशिवाय गुंडाळून नटने आवळलेली होती. अॅल्युमिनियम आणि पितळ यांच्या अशा उघड्या सांध्यावर गंज धरतो, सांधा सैल होतो, त्याचा रोध वाढतो, आणि १५२ अँपिअरच्या प्रवाहाने तो इतका तापला की बुशिंगचे रबरी गास्केट कडक होऊन तडकले. थोडक्यात, असमतोलाने सांधा तापला, सांध्याने गास्केट गेले आणि गास्केटमुळे तेल. म्हणून चार कारणांची चार वेगवेगळी कलमे करून अहवाल लिहिण्याची पद्धत मला दिशाभूल करणारी वाटते.

तेलाची जागा हवेने घेतली आणि हवेबरोबर ओलावा आला. आत येणारी हवा वाळवणाऱ्या ब्रीदरमधील सिलिका जेल निळी राहिली नव्हती, फिकट गुलाबी झालेली होती आणि खालच्या वाटीत तेल नव्हते. भार वाढला की तेल प्रसरण पावते, उतरला की आकुंचन पावते, आणि रोज होणाऱ्या या श्वासोच्छ्वासात बाहेरची हवा न वाळता आत येत होती. टाकीच्या तळाशी गंजाचे ठिपके आणि पाण्याचे थेंब सापडले. तळातून काढलेल्या तेलाची विद्युतरोधन क्षमता अडीच मिलिमीटरच्या अंतरावर १६ किलोव्होल्ट भरली. चालू रोहित्राच्या तेलासाठी ३० किलोव्होल्ट ही किमान अपेक्षा धरली जाते. अर्थात जळालेल्या रोहित्राच्या तेलात कार्बनही मिसळतो, त्यामुळे या एकाच आकड्यावरून ओलावा सिद्ध होत नाही; तळातले पाणी आणि गुलाबी जेल सोबत असल्यामुळेच तो ग्राह्य धरला.

कॉइल काय सांगतात

तिसऱ्या रोहित्राची कॉइल बाहेर काढल्यावर तीन लिंबांवरील कागदाचे तीन रंग दिसले. वाय लिंबवरचा कागद फिकट तपकिरी होता, आर लिंबवरचा कॉफीच्या रंगाचा, आणि बी लिंबवरचा जवळजवळ काळा. नखाने खरवडताच त्याचा भुगा होत होता. हा क्रम १०६, १२१ आणि १५२ या वाचनांच्या क्रमाशी तसाच जुळत होता. बी लिंबच्या उच्चदाब कॉइलच्या वरच्या भागात वेढ्यांमध्ये शॉर्ट होऊन वितळलेल्या धातूचे मणी लटकत होते, तर त्याच कॉइलचा खालचा भाग शाबूत होता. वरच्या भागातच का, तर तेल तिथे सर्वांत गरम होते आणि पातळीही तिथेच उघडी पडत आली होती.

तापमानाचा हिशेब घातला तर एवढी दुर्दशा काही महिन्यांत कशी झाली हे कळते. टाकीच्या भिंतीचे तापमान आतल्या वरच्या तेलापेक्षा थोडे कमी असते, तेव्हा तेल ८८ अंशांच्या आसपास धरता येईल. १.८१ पट प्रवाहाला बी कॉइलमधील सर्वांत तापलेली जागा तेलापेक्षा आणखी ४० अंशांनी वर असणे अपेक्षित आहे, म्हणजे सुमारे १२८ अंश. साध्या इन्सुलेशन कागदासाठी ९८ अंश हे संदर्भ तापमान मानतात आणि त्यापुढे दर सहा अंशांना कागदाच्या झिजेचा वेग दुप्पट होतो, असा नियम आहे. तीस अंश म्हणजे पाच वेळा दुप्पट, अर्थात ३२ पट. पाळीच्या उत्तरार्धातला प्रत्येक तास रोहित्राचे ३२ तासांचे आयुष्य खात होता. कागदात ओलावा असेल तर हा वेग याहूनही वाढतो, शिवाय नळ्यांतील चक्र तुटल्यावर तापमान या अंदाजाच्या वरच गेले असणार.

दुसऱ्या, मे महिन्यातल्या रोहित्राची कॉइल सुदैवाने कार्यशाळेच्या आवारात अजून पडून होती. तिचा अवतार अगदी निराळा होता. तिन्ही लिंबांवरचा कागद पिवळसर आणि लवचिक होता, कुठेही भाजल्याची खूण नव्हती. फक्त आर फेजच्या उच्चदाब कॉइलमध्ये, लाइनकडून आत येणाऱ्या पहिल्या काही वेढ्यांत टाचणीने पाडल्यासारखे छिद्र होते आणि तिथून टाकीच्या दिशेने जळालेली काळी वाट गेली होती. ओव्हरलोडने जळालेली कॉइल सगळीकडून शिजलेली दिसते. आकाशातील विजेच्या लाटेने फोडलेली कॉइल एका जागी फुटते आणि बाकीची नवी राहते, कारण लाटेचा बहुतेक ताण पहिल्या वेढ्यांवरच पडतो. ‘वीज पडून’ हा शेरा या अर्थी बरोबर होता. पण विजेची लाट जमिनीत उतरवणारा अरेस्टर असताना ती लाट कॉइलपर्यंत पोहोचली कशी, हे त्या शेऱ्याने सांगितले नव्हते.

पहिल्या रोहित्राचे काहीच शिल्लक नव्हते, म्हणून त्याविषयी अंदाज करण्याचे टाळले.

अर्थिंगचे खड्डे

जागेवर अर्थिंगचे तीन खड्डे होते: एक अरेस्टरचा, एक न्यूट्रलचा, एक टाकी आणि स्ट्रक्चरचा. वीज बंद करून, तार प्रत्येक खड्ड्यापासून सोडवून, प्रवाहाचा खुंटा ४० मीटरवर आणि दाबाचा खुंटा साधारण २५ मीटरवर ठोकून अर्थ टेस्टरने मोजले, तेव्हा अरेस्टरचा रोध २६ ओहम आणि न्यूट्रलचा ३८ ओहम आला. डीपीच्या अर्थिंगसाठी ५ ओहमच्या आत हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. टाकीच्या खड्ड्याकडे जाणारी जीआय तार जमिनीखाली वीतभर खोलीवर गंजून तुटलेली निघाली. वरून ती ठाकठीक दिसत होती. जमीन मुरमाड होती आणि खड्ड्यांत मीठ-कोळसा टाकल्याला बरीच वर्षे झाली असावीत.

आता अरेस्टरचे गणित पाहू. या डीपीवर ९ केव्ही, ५ किलोअँपिअरचे अरेस्टर होते. ५ किलोअँपिअरची लाट २६ ओहमच्या खड्ड्यातून जमिनीत उतरताना तिथे १३० किलोव्होल्ट दाब उभा राहतो. ११ केव्ही रोहित्राची उच्चदाब वाइंडिंग ९५ किलोव्होल्टचा आवेगदाब सोसेल अशा बेताने बनवलेली असते. अरेस्टरची जमीन वेगळी, टाकीची जमीन वेगळी आणि दोन्ही एकमेकांना जोडलेल्या नाहीत, अशी मांडणी असेल तर हे १३० किलोव्होल्ट, अरेस्टरवर उरणारा दाब आणि सहा-सात मीटर लांब तारेतला दाब, हे सगळे मिळून कॉइल आणि टाकी यांच्या मध्ये उभे राहतात. अरेस्टरने त्याचे काम केलेले असते, तरीही कॉइल फुटते. अरेस्टरचा पाया आखूड तारेने थेट टाकीला जोडला तर टाकीचा दाबही लाटेबरोबर वर चढतो, आणि इन्सुलेशनवर केवळ अरेस्टरचा उरलेला दाब आणि त्या आखूड तारेतील थोडासा दाब एवढाच ताण येतो. खड्ड्याचा रोध कमी करण्याइतकीच ही जोडणी महत्त्वाची आहे आणि तिला जेमतेम दोन मीटर तार लागते.

न्यूट्रलच्या ३८ ओहमचा परिणाम वेगळ्या ठिकाणी दिसतो. लघुदाबाची एखादी तार तुटून जमिनीवर पडली तर २५० व्होल्टला त्या वाटेने साडेसहा अँपिअरच्या वर प्रवाह जाऊ शकत नाही, तारेखालच्या जमिनीचा रोध धरला तर त्याहूनही कमी. एवढ्याने कोणताही फ्यूज उडत नाही. तार जिवंतच पडून राहते. याने रोहित्र जळत नाही, पण माणूस किंवा जनावर दगावते, आणि रोहित्राच्या तपासात हे सापडले म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही.

काय बदलले

सर्वांत सोपा उपाय ६३ काढून १०० केव्हीए बसवण्याचा होता आणि मागणीही तीच होती. १०० केव्हीएचा पूर्णभार प्रवाह १३३ अँपिअर असतो; सरासरी १२६ त्यात बसते, परंतु बी फेजचे १५२ बसत नाहीत. शिवाय टोकाकडचा दाब कमी असण्याचे कारण लघुदाब लाइनची लांबी हे होते आणि मोठ्या रोहित्राने ती लांबी घटत नव्हती. दाब कमी राहिला की पाणी काढायला मोटारींना जास्त तास लागतात आणि प्रवाहही चढा राहतो. म्हणून उच्चदाब लाइन पुढे नेऊन टोकाकडच्या सात पंपांच्या मध्यावर ६३ केव्हीएचे दुसरे रोहित्र बसवण्याचा प्रस्ताव धरून ठेवला. प्रत्येक पंपाला किंवा दोन पंपांना छोटे रोहित्र देण्याची उच्चदाब वितरण पद्धत तांत्रिकदृष्ट्या याहून सरस ठरली असती, कारण तिच्यात लघुदाबाची लांब लाइनच उरत नाही आणि आकडा टाकायला जागा राहत नाही. पण तेवढे काम त्या हंगामात होणे शक्य नव्हते.

दुसरे रोहित्र उभे राहीपर्यंतचा काळ सर्वांत अवघड होता. शेतकऱ्यांच्या बैठकीत मोजलेले प्रवाह आणि काळा पडलेला कागद दोन्ही ठेवले गेले. काळ्या कागदाने जे पटवले ते आकड्यांनी पटले नसते. आठ तासांच्या पुरवठ्याचे दोन भाग करून निम्म्या-निम्म्या पंपांनी आलटून-पालटून चालायचे ठरले आणि ऑटो स्विच काढण्याला बहुतेकांनी संमती दिली. आकड्यांवरील तीन पंपांपैकी दोघांनी रीतसर जोडणीसाठी अर्ज केला, एकाचा आकडा काढावा लागला. प्रत्येक स्टार्टरला कपॅसिटर बसवले, पाच अश्वशक्तीला दोन केव्हीएआर आणि साडेसातला तीन. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ झाला तर ९४ केव्हीएचा भार ७९ वर येतो. एवढ्याने रोहित्र सुरक्षित होत नाही, ते अजूनही सव्वापट लादलेलेच राहते. परंतु तांब्यातला व्यय सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो आणि तोही काही दिवसांच्या कामात.

सिंगल फेज जोडण्या तिन्ही फेजांवर वाटण्याचे काम वायरमनने एका दुपारी खांबांवर केले आणि रात्री भार चालू असताना चारही तारा पुन्हा मोजल्या. असमतोल दूर करताना दुपारचे वाचन उपयोगाचे नसते, कारण वस्तीवरचा भार संध्याकाळनंतर चढतो.

बसवण्यापूर्वी नव्या रोहित्राचे तेल, ब्रीदर आणि तिन्ही बाजूंचे मेगर वाचन पाहिले गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लघुदाब बुशिंगांवर द्विधातू लग दाबून बसवले आणि पेटीतल्या एमसीसीबीतूनच जोडणी दिली. तेलाच्या पातळीची खूण टाकीच्या बाहेर पांढऱ्या रंगाने रंगवली, जेणेकरून खालून इन्फ्रारेडने तापमान पाहणाऱ्याला कोणत्या रेषेच्या खाली पाहायचे हे कळावे. अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचे जीआय पाइपचे नवे इलेक्ट्रोड पाच-पाच मीटर अंतरावर पुरले, कारण इलेक्ट्रोड एकमेकांना खेटून पुरले तर दोन मिळूनही एकाइतकेच काम करतात. तिन्ही खड्डे पट्टीने एकत्र जोडले आणि अरेस्टरचा पाया स्वतंत्र आखूड पट्टीने टाकीला जोडला. या जोडणीला एक अट आहे: न्यूट्रलही त्याच जाळ्याला जोडलेला असल्यामुळे एकत्रित रोध कमी नसेल तर लाटेचा काही भाग ग्राहकांच्या लाइनवर जाऊ शकतो. बसवल्यानंतर एकत्रित रोध ४ ओहम आला.

दुसरे रोहित्र फेब्रुवारीत सुरू झाले. त्यानंतर मूळ डीपीवर रात्री ६८, ६४ आणि ७० अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये पाच-सहा अँपिअर मोजले गेले. पॉकेटमधले थर्मामीटर आणि भिंतीवरचे इन्फ्रारेड यांत दोन-तीन अंशांचाच फरक राहिला. मे महिन्यात जमीन कोरडी पडल्यावर अर्थिंग पुन्हा मोजले तेव्हा ४ चे ८ ओहम झाले होते. म्हणून वळवाआधी ओढ्याच्या बाजूला, जिथे ओल टिकते, आणखी एक इलेक्ट्रोड पुरून जाळ्याला जोडला आणि या डीपीचे अर्थिंग दर वर्षी पावसाळ्यानंतर न मोजता मेमध्ये मोजायचे, अशी नोंद देखभालीच्या वहीत केली गेली.